किटलीवरचा आकडा आणि कॉफीतलं तापमान

दुकानाच्या फळीवर दोन किटल्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. दोन्ही स्टीलच्या, दोन्हींची चोच हंसाच्या मानेसारखी लांब, बारीक आणि वळलेली. एक शेगडीवर ठेवायची, साधारण दोन हजार रुपयांची. दुसरी विजेवर चालणारी. तिच्या बैठकीवर आकडा दिसतो, बटण दाबून त्र्याण्णव म्हटलं की त्र्याण्णवला थांबते आणि तिथेच टिकून राहते. तिची किंमत साडेसहा हजारांच्या घरात. परदेशी नावाजलेली घेतली तर त्याच्याही दुपटी-तिपटीने. पोअर-ओव्हर कॉफी घरी करायला लागलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच, की वरचे चार-साडेचार हजार कशासाठी मोजायचे आणि ते कपात उतरतात का.

पोअर-ओव्हर म्हणजे शंकूच्या आकाराच्या ड्रिपरमध्ये कागदाचा फिल्टर बसवून, त्यात दळलेली कॉफी घालून, वरून हाताने थोडं थोडं गरम पाणी ओतत केलेली कॉफी. कागदाचा फिल्टर ही जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ यांची 1908 सालची कल्पना. आज घरोघरी दिसणारा साठ अंशांच्या कोनाचा व्ही-सिक्स्टी ड्रिपर जपानच्या हारिओ कंपनीचा. दक्षिणेकडच्या पितळी फिल्टरमध्ये पाणी एकदाच ओतून आपण मोकळे होतो, पुढचं काम तो फिल्टर सावकाश करतो. इथे मात्र तीन मिनिटं पाणी ओतणाऱ्याच्या हातात असतं. म्हणून किटलीला एवढं महत्त्व.

वरच्या साडेचार हजारांत काय मिळतं ते बघण्याआधी काय मिळत नाही ते बघू. चोच मिळत नाही. ती दोन्ही किटल्यांना आहे. चहाच्या रुंद तोंडाच्या भांड्यातून पाणी ओतायला गेलं तर ते भसकन पडतं, कॉफीच्या थरात खड्डा करतं, बारीक कण उडून कागदाच्या कडांना चिकटतात आणि पाणी त्या खड्ड्यातून वाट काढत खाली पळतं. काही कॉफीतून जास्त अर्क निघतो, काहीतून निघतच नाही. त्यामुळे एकाच कपात आंबटपणा आणि कडूपणा दोन्ही लागतात. बारीक चोचीतून सेकंदाला चार ते सहा ग्रॅम पाणी सोडता येतं, धार जिथे हवी तिथे पडते, थर सपाट राहतो. साध्या भांड्यावरून थेट महागड्या विजेच्या किटलीवर गेलेल्या माणसाला कॉफी एकदम सुधारल्यासारखी वाटते आणि तो त्याचं श्रेय आकड्याला देतो. माझ्या मते त्यातला मोठा वाटा चोचीचा असतो, आणि तो दोन हजारांतही मिळाला असता.

म्हणजे जादा पैसे आहेत ते तीन गोष्टींचे. हवं ते तापमान नेमून देता येणं, ते टिकून राहणं, आणि शेगडीची गरज नसणं. यातल्या पहिल्या दोन गोष्टींवर सगळा वाद आहे.

गरम पाणी कॉफीतून अर्क लवकर काढतं. आधी आम्ल चवीचे पदार्थ विरघळतात, मागून गोडसर, आणि शेवटी कडवट, तोंड कोरडं करणारे. हलकी भाजलेली कॉफी घट्ट असते, तिच्यात पाणी सहज शिरत नाही, म्हणून तिला जास्त कढत पाणी लागतं. गडद भाजलेली सच्छिद्र आणि ठिसूळ असते, ती पटकन सगळं देऊन टाकते, म्हणून तिला जरा निवलेलं पाणी बरं. स्पेशालिटी कॉफीच्या जगात ओतण्याच्या पाण्यासाठी 90 ते 96 अंश सेल्सिअस हा पट्टा सांगितला जातो. हलक्या भाजलेल्या कॉफीसाठी सरळ उकळतं पाणी वापरणारे जाणकारही पुष्कळ आहेत.

पण हे सगळे आकडे किटलीतल्या पाण्याचे. कॉफीला त्या आकड्याचं पाणी कधीच मिळत नाही. हे कसं, ते हिशोब मांडून बघण्यासारखं आहे. पंधरा ग्रॅम दळलेली कॉफी आहे, ती खोलीच्या तापमानाला म्हणजे सत्तावीस अंशांना आहे. तिच्यावर 95 अंशांचं पंचेचाळीस ग्रॅम पाणी ओतलं. पाण्याने आपली थोडी उष्णता कॉफीला दिली की दोघांचं मिळून तापमान होतं 87 अंशांच्या आसपास. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात पाणी धारेत असताना हवेत थोडं निवतं, वरून वाफ जाते, ओला कागद आणि ड्रिपर उष्णता खातात. थर्मामीटरची सुई कॉफीच्या लगद्यात खुपसली तर सुरुवातीला ऐंशीच्या आजूबाजूचा आकडा दिसतो. पुढे पाणी ओतत जावं तसा तो चढतो. किटलीत 95 ऐवजी 91 अंशांचं पाणी असतं, तर त्याच हिशोबाने कॉफीत साडेतीन अंश कमी भरले असते.

आता ड्रिपर बघा. चिनी मातीचा ड्रिपर तीनशे-चारशे ग्रॅम वजनाचा असतो. तो थंड असेल तर त्याला पूर्ण तापायला जेवढी उष्णता लागेल, ती पहिल्या पंचेचाळीस ग्रॅम पाण्याकडे देण्यासारखी असलेल्या उष्णतेपेक्षा जास्त भरते. अर्थात तो एवढ्या वेळात पूर्ण तापत नाही, पण जेवढं शोषतो तेवढंच किटलीतल्या चार अंशांचा फरक गिळून टाकायला पुरेसं असतं. म्हणजे विजेच्या किटलीवर काळजीपूर्वक 94 लावायचं आणि थंड चिनी मातीच्या ड्रिपरमध्ये ओतायचं, यात त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. प्लास्टिकचा ड्रिपर हलका असतो आणि उष्णता फारशी ओढून घेत नाही. तो सर्वांत स्वस्त असतो आणि या कामाला सर्वांत चांगला. चिनी मातीचाच वापरायचा असेल तर कागद धुण्याच्या निमित्ताने त्यावर सढळ हाताने उकळतं पाणी ओतावं, म्हणजे कागदाचा वासही जातो आणि ड्रिपरही तापतो.

तापमानाच्या फरकाने चव किती बदलते, याचा नीट अभ्यास अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी केला. तो 2020 साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी यंत्रावर ड्रिप कॉफी केली, पाण्याचं तापमान 87, 90 आणि 93 अंश असं बदललं, आणि चव ओळखायला शिकवलेल्या माणसांना ती प्यायला दिली. यातली मेख अशी की त्यांनी कॉफीचा दाटपणा आणि कॉफीतून निघालेला अर्क या दोन गोष्टी प्रत्येक तापमानाला सारख्याच येतील अशी व्यवस्था केली होती. कमी तापमानाने जे कमी पडेल ते इतर बाबी बदलून भरून काढलं. निष्कर्ष असा निघाला की दाटपणा आणि अर्क सारखे ठेवले तर नुसत्या तापमानाने चवीत फारच थोडा फरक पडतो. चव ठरवणारं मुख्य काम दाटपणा आणि अर्कच करतात.

या निष्कर्षाचा अर्थ लावताना मात्र जपून राहायला हवं. तापमान बिनमहत्त्वाचं आहे, असं हा अभ्यास म्हणत नाही. बाकी काही न बदलता नुसतं पाणी निववलं, तर अर्क कमी निघेल आणि कॉफी बदलेल. अभ्यास सांगतो ते एवढंच की तापमानाचं खास असं स्वतःचं वेगळं काम फारसं नाही. ते अर्क वाढवतं किंवा कमी करतं, आणि तेच काम दळण बारीक-जाड करूनही होतं. घरी कॉफी करणाऱ्यासाठी ही फार उपयोगाची गोष्ट आहे. पाणी दोन-तीन अंश कमी गरम असेल, तर ग्राइंडर एक-दोन घरं बारीक करायचा. त्याला एक पैसा लागत नाही.

शिवाय शेगडीवरच्या किटलीला एक तापमान कुठल्याही यंत्राशिवाय अचूक कळतं. ते म्हणजे उकळी. पाणी खळखळ उकळलं की त्याचं तापमान त्या गावच्या हवेच्या दाबाने ठरलेलं असतं, त्यात शंकेला जागा नाही. समुद्रसपाटीवर 100 अंश, आणि वर चढत गेलं की दर तीनशे मीटरला साधारण एक अंश कमी. मुंबई, पणजी, रत्नागिरीत पाणी जवळजवळ शंभरला उकळतं. पुणे साडेपाचशे मीटरवर आहे, नाशिकही त्याच सुमाराला, तिथे 98 ला. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास, तिथे साडेपंचाण्णवलाच आधण येतं. महाबळेश्वरला राहणाऱ्याने उकळी आल्याआल्या ओतायला घेतलं, तरी तो सांगितलेल्या पट्ट्यातच असतो. त्याला थांबायचंही कारण नाही.

उंचीची हीच गोष्ट विजेच्या किटलीला त्रास देते, आणि हे खोक्यावर सहसा लिहिलेलं नसतं. साधी विजेची किटली वाफेवर बंद होते. उकळी आली की वाफ एका वाटेने दोन धातूंच्या जोडपट्टीपर्यंत जाते, पट्टी तापून वाकते आणि बटण पडतं. उकळी 100 ला येवो की 95 ला, तिला फरक पडत नाही. फक्त झाकण उघडं राहिलं तर वाफ तिकडे जात नाही आणि किटली उकळतच राहते. तापमान नेमून देणारी किटली मात्र तळाशी बसवलेल्या संवेदकाने तापमान मोजते. पुण्यात तिला 100 सांगितलं तर ते कधी येणारच नाही. काही किटल्या उकळी ओळखून थांबतात, काहींत उंची भरायची सोय असते, आणि काही नुसत्याच 98 दाखवत वाफा सोडत बसतात. तुमची अशी असेल तर तिला आपल्या गावच्या उत्कलनबिंदूच्या एक-दोन अंश खालचा आकडा द्यावा.

आता पुण्यातल्या एका स्वयंपाकघरात, गॅसवर, साध्या किटलीने एक कप करून बघू. कॉफी चिकमगळूरची, मध्यम-हलकी भाजलेली, पंधरा ग्रॅम. पाणी दोनशे चाळीस ग्रॅम, म्हणजे एकास सोळा. किटलीत मात्र पाणी पाचशे मिलिलिटर घ्यायचं. कागद धुवायला, ड्रिपर तापवायला आणि शेवटपर्यंत किटलीत उष्णता टिकायला तेवढं लागतं. नेमकं तीनशे मिलिलिटर तापवणं ही नेहमी होणारी चूक आहे. कमी पाणी फार झपाट्याने निवतं, आणि शेवटच्या ओतण्याला किटली जवळजवळ रिकामी असल्यामुळे धार तुटक पडते.

लहान बर्नरवर पाचेक मिनिटांत उकळी येते. बर्नर लहानच हवा. गूजनेक किटलीचा तळ अरुंद असतो, मोठ्या बर्नरच्या ज्वाळा बाजूने वर चढतात, मूठ तापते, झाकणाची गुंडी जळते आणि गॅस फुकट जातो. पाणी चोचीच्या तोंडाच्या पातळीपर्यंत भरलेलं असेल तर उकळी येताना चोचीतून कढत पाण्याचे फवारे उडतात. म्हणून किटली दोन-तृतीयांशाच्या वर भरू नये. उकळी आली की गॅस बंद, आणि त्या 98 अंशांच्या पाण्यातलं शंभर-सव्वाशे मिलिलिटर ड्रिपरमधल्या कागदावर. याचा एक जादा फायदा आहे. चोचीतलं पाणी किटलीच्या पोटातल्या पाण्याइतकं तापत नाही, ते या धुण्यातच बाहेर पडून जातं आणि चोचही गरम होते. मग खालचं पाणी फेकायचं, कॉफी घालायची, थर हलवून सपाट करायचा आणि काटा शून्यावर आणायचा. एवढं होईपर्यंत अर्धं-पाऊण मिनिट जातं. किटलीतलं पाणी आता 96 च्या आसपास असतं.

पंचेचाळीस ग्रॅम पाणी ओतून कॉफी फुलू द्यायची. ताजी भाजलेली असेल तर बुडबुडे येतात, घुमट वर येतो. किटलीचं झाकण लावून पाऊण मिनिट थांबायचं. झाकण लावलेली स्टीलची किटली या पट्ट्यात मिनिटाला साधारण एक ते दोन अंश उतरते. झाकण उघडं असेल तर त्याहून जास्त. पुढची धार सावकाश गोल फिरवत दीडशे ग्रॅमपर्यंत न्यायची, जरा उसंत देऊन शेवटची धार दोनशे चाळीसपर्यंत. घड्याळात पावणेदोन मिनिटं होतात. किटलीत पाणी कमी उरलेलं असल्यामुळे उतार आता थोडा वाढलेला असतो, तरी तापमान 92 च्या आसपास असतं. तिसऱ्या मिनिटाच्या आगेमागे सगळं पाणी खाली उतरतं.

हेच विजेच्या किटलीने 95 वर टिकवून केलं तर पहिल्या ओतण्याला काही फरक नाही, आणि शेवटच्याला तीनेक अंशांचा फरक. तो फरक शेवटी पडतो, हे महत्त्वाचं. कॉफीतून विरघळणाऱ्या गोष्टींतला मोठा भाग पहिल्या अर्ध्या पाण्यातच निघून गेलेला असतो. शेवटच्या पाण्याचं काम बरंचसं कॉफी पातळ करून हव्या दाटपणाला आणण्याचं. तेव्हा तिथले तीन अंश एखाद्या शिकलेल्या जिभेला कदाचित जाणवतील, पण रोजच्या कपात ते दळणातल्या छोट्याशा फरकाखाली झाकले जातात. शिवाय मन मानत नसेल तर दोन ओतण्यांच्या मधे किटली मंद आचेवर परत ठेवता येतेच.

कपात काय बिघडलं ते ओळखायचं कसं? कॉफी पाणचट, आंबट लागली आणि पाणी सव्वादोन मिनिटांतच खाली गेलं, तर अर्क कमी निघाला आहे. दळण बारीक करायचं. कडवट लागली, घोट गिळल्यावर जीभ कोरडी पडली आणि पाणी चार मिनिटं रेंगाळलं, तर उलट. वेळ ठीक आणि तरी आंबट, असं झालं तरच तापमानाकडे बघायचं. त्यातही आधी ड्रिपर तापवला होता का हे बघायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

पाण्याबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी. बोअरवेलचं जड पाणी वापरत असाल तर त्यातले क्षार कॉफीचा आंबटगोडपणा मारून टाकतात आणि कप सपाट लागतो. तो दोष तापमानाने दुरुस्त होत नाही. शिवाय त्याच क्षारांचा पांढरा थर विजेच्या किटलीच्या तळावर, म्हणजे नेमका संवेदकाच्या वर, साचतो. आकडा मग उशिरा आणि चुकीचा येतो. लिंबाच्या फुलांचं म्हणजे सायट्रिक ॲसिडचं पाणी उकळून, थोडा वेळ ठेवून ओतून दिलं की थर सुटतो.

संवेदक तळाशी असल्यामुळे आणखी एक गोष्ट होते. विजेची किटली झपाट्याने तापवते, त्यामुळे तळ आणि वरचा भाग काही क्षण सारखे नसतात. पाणी कमी असेल तर नेमलेल्या आकड्यावर वीज बंद झाल्यावरही तळातल्या साठलेल्या उष्णतेने ते दोन-तीन अंश पुढे जातं. पडद्यावर 93 दिसल्याबरोबर ओतायला घेणाऱ्याला 93 मिळतंच असं नाही. मिनिटभर टिकवू दिलं की ते सारखं होतं. चांगल्या किटलीत आकडा एका अंशाच्या आत बसतो, पण हे तपासायला शेवटी वेगळा थर्मामीटर लागतोच.

तो थर्मामीटर, म्हणजे स्वयंपाकघरात वापरायचा सुईचा डिजिटल थर्मामीटर, काहीशे रुपयांत मिळतो, आणि माझा आग्रह असा आहे की साडेचार हजारांचा विचार करण्याआधी तो घ्यावा. एखाद्या रविवारी रोजच्या किटलीत रोजचं पाणी उकळायचं, गॅस बंद करून झाकण लावायचं आणि दर अर्ध्या मिनिटाला आकडा टिपायचा. मग तेच झाकण उघडं ठेवून. दहा मिनिटांत तुमच्या किटलीचा उतार कागदावर येतो. झाकण उघडं ठेवलं तर चार मिनिटांत 90 येतं, असं एकदा कळलं की पुढे घड्याळच पुरतं. पाण्याचं माप मात्र दर वेळी तेच हवं, आणि डिसेंबरात नाशिकला पुन्हा एकदा मोजलेलं बरं, कारण थंड स्वयंपाकघरात उतार वाढतो.

गडद भाजलेली कॉफी पिणाऱ्यांसाठी याहूनही सोपी युक्ती आहे. घरात साधी विजेची किटली असतेच. तिच्यात पाणी उकळायचं आणि ते थंड गूजनेक किटलीत ओतायचं. स्टीलची साडेचारशे ग्रॅमची किटली आणि अर्धा लिटर पाणी असा हिशोब केला, तर 98 अंशांचं पाणी थंड धातूला तापवण्यात सात अंश गमावतं, ओतताना हवेत आणखी एखादा जातो. हाती राहतं ते 90 अंशांचं पाणी, दर वेळी, कुठलंही बटण न दाबता. हलकी भाजलेली कॉफी असेल तेव्हा गूजनेक आधी उकळत्या पाण्याने विसळून घ्यायची, म्हणजे हा तोटा टळतो.

आता पैशांचं. ऊर्जेच्या खर्चात दोघींचा हिशोब जवळजवळ फिटतो. अर्धा लिटर पाणी उकळायला विजेवर 0.05 युनिट लागतं, गॅसवर सात-आठ ग्रॅम एलपीजी. आजच्या घरगुती दरांनी दोन्हीकडे पन्नास पैशांच्या आसपास. राहिले किमतीतले साडेचार हजार. किटली पाच वर्षं चालली आणि वर्षाला तीनशे कप झाले, तर कपामागे तीन रुपये. अडीचशे ग्रॅमचं पाकीट साडेपाचशेचं धरलं तर एका कपात तेहतीस रुपयांची कॉफी जाते. त्यावर तीन रुपये ही काही मोठी रक्कम नाही. ज्याला रोजच्या घाईत वाट बघायची नाही, त्याने ती आनंदाने द्यावी.

पण पाच वर्षांचा हा आकडा दोन्ही किटल्यांना सारखा लागू पडत नाही. शेगडीवरच्या किटलीत बिघडण्यासारखं काही नसतं. विजेच्या किटलीत बैठकीतली सर्किटची पाटी, बटणं, संवेदक असतात, आणि आपल्याकडे वीज कमी-जास्त होत राहते. हमीचा काळ संपल्यावर पाटी गेली तर कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला सहसा हात लावत नाही, कारण सुटा भाग मिळत नाही. किटली तीनच वर्षं टिकली तर कपामागे पाच रुपये पडतात. म्हणून घेताना पडद्यावरच्या सोयींपेक्षा तुमच्या शहरात त्या कंपनीचं सेवा केंद्र आहे का, हे आधी विचारावं.

आणि तेच साडेचार हजार दुसरीकडे गेले तर? तुमच्याकडे मिक्सरमध्ये दळलेली कॉफी असेल, किंवा दोन-तीन आठवड्यांपूर्वी दुकानातून दळून आणलेली, तर मी एक क्षणही विचार न करता हातग्राइंडर घ्या म्हणेन. मिक्सर कॉफी दळत नाही, फोडतो. त्यात पिठूळ कण आणि खडे एकत्र असतात. पीठ कडू होतं, खडे कच्चे राहतात, आणि पाणी कितीही अचूक असलं तरी हे दोन्ही एका कपात येतात. स्टीलच्या शंकूच्या पात्यांचा बरा हातग्राइंडर याच रकमेत बसतो, आणि त्याने पडणारा फरक सांगावा लागत नाही.

तरीही विजेच्या किटलीचे पैसे वसूल होतात अशी घरं आहेत. भाड्याच्या खोलीत, वसतिगृहात किंवा ऑफिसच्या टेबलाशी कॉफी करणाऱ्याकडे शेगडीच नसते. त्याच्यापुढे तुलनाच वेगळी आहे. रविवारी सकाळी पाठोपाठ चार जणांचे चार कप करायचे असतात तिथे तापमान टिकवण्याची सोय खरीखुरी कामाला येते, कारण प्रत्येक कपाला पुन्हा उकळी आणि पुन्हा थांबणं यात कंटाळा येतो आणि तिसऱ्या-चौथ्या कपात हात सैल पडतो. घरात कुणी ग्रीन टी पीत असेल तर हवं असतं सत्तर-ऐंशी अंशांचं पाणी, आणि त्या तापमानाला उकळीसारखी डोळ्यांना दिसणारी खूण नसते. तिथे आकडा नुसत्या अंदाजापेक्षा कितीतरी बरा. गॅस चालू ठेवून विसरण्याची भीती असलेल्या वयस्क माणसांच्या घरात आपोआप बंद होणारी किटली हवीच. पण त्या कामाला हजाराची साधी विजेची किटलीही पुरते, आणि ती असली की वर सांगितलेली ओतून घेण्याची युक्ती करता येते.

शेगडीची किटली घ्यायचं ठरलं तर दुकानात पाणी मागून ती भरून ओतून बघावी. धार अगदी बारीक केली की चांगल्या चोचीतून पाणी सरळ खाली पडतं. वाईट चोचीतून ते चोचीला चिकटून मागे, किटलीच्या पोटावरून ओघळतं, आणि कॉफी फुलवताना नेमकी हीच बारीक धार लागते. भरलेली किटली एका हाताने तिरकी धरून मनगटावर ताण येतो का बघावं, कारण अर्धा लिटर पाणी तीन मिनिटं सावकाश ओतताना तो जाणवतो. तळ आपल्या शेगडीच्या जाळीवर डगमगणार नाही एवढा रुंद हवा, नाहीतर जाळीवर ठेवायची लहान चकती वेगळी घ्यावी लागते. इंडक्शन असेल तर तळाला लोहचुंबक लावून बघावं. तोंड हात आत जाईल एवढं मोठं असावं, कारण क्षार शेवटी घासूनच काढावे लागतात. झाकणाला थर्मामीटरची सुई जाईल एवढं भोक असलेल्या किटल्याही मिळतात. किमतीत फार फरक नसेल तर तीच घ्यावी.